गुरुजींचा जुना नंबर

बावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरचा कोर्स केला की बाईच्या डोक्यात किती हवा भरते, ते मी स्वतःवरून सांगते. आता नातीला विचारल्याशिवाय मी मोबाइलचं एक बटण दाबत नाही. तेव्हा मात्र रत्नागिरीतलं आमचं अख्खं हॉस्पिटल माझ्याच चष्म्यातून चालतं, असं मला वाटे.

रिसेप्शनच्या यादीतला बदल दर तासाला डायलिसिस विभागाच्या यादीत आपोआप उतरे. ती जोडणी माझी. तिकडे नाव काढलं की इकडे ते पुसलं जात नसे; त्याला ‘रद्द’ अशी खूण लागे आणि ते पडद्यावर दिसेनासं होई.

पावसकडचे एक निवृत्त गुरुजी गणपतीनंतर मुलाकडे मुंबईला गेले, डायलिसिसही तिथेच करू लागले. रिसेप्शनने त्यांचं नाव काढलं. दिवाळीच्या तोंडावर ते परतले. रिसेप्शनने नाव पुन्हा चालू केलं, पण डायलिसिसच्या यादीत ते येईना. माझा प्रोग्राम फक्त दिसणाऱ्या नावांत शोधे. तिथे गुरुजी नाहीत, म्हणून नवी नोंद घालायला जाई आणि तो नंबर आधीच असल्यामुळे अडे.

गुरुजी बाकावर बसले होते. पाय सुजलेले.

“पटावरून कमी केलंत काय मला?”

“दोन मिनिटं, गुरुजी. नवीन नंबर देते.”

“नवीन कशाला गो बाय? शाळा सोडून गेलेला पोर परत आला तर आम्ही जुन्याच नंबरावर घेत होतो. मागचं सगळं त्याच्याबरोबर येतं.”

मी हसले. हजेरीपट लिहिणारा माणूस मला कॉम्प्युटर शिकवतोय! त्यांच्या नंबरापुढे ‘अ’ जोडला आणि कोरी करकरीत नोंद करून दिली.

थोड्या वेळाने आतून सिस्टरचा फोन. “मॅडम, गुरुजी म्हणतायत हेपारिन चालत नाही त्यांना. इथे तर काहीच दिसत नाही.”

हेपारिन म्हणजे यंत्रात रक्त गोठू नये म्हणून द्यायचं इंजेक्शन. ते देऊ नये, ही लाल अक्षरांतली सूचना जुन्या नोंदीला जोडलेली होती. मी ती उघडूनही पाहिली नाही.

“दिसत नाही ना? मग नसेल. म्हातारी माणसं काहीही सांगतात.”

सिस्टरने डॉक्टरांना विचारलं. त्यांनीही कोरा पडदा पाहिला आणि हेपारिन द्यायला हो म्हटलं.

अर्ध्या तासात गुरुजींना श्वास घेता येईना. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं.

मग मी प्रोग्राम सुधारला. आधी रद्द नावांतही शोधायचं. रिसेप्शनकडे नाव चालू आणि आपल्याकडे रद्द असेल, तर तीच नोंद उठवायची, खूण काढायची, ताजी माहिती भरायची, नंबर जुनाच ठेवायचा. ‘अ’वाल्या नोंदीतला तो एक डायलिसिस जुनीत हलवला आणि ‘अ’ काढून टाकला. गुरुजी यादीत परतले. नावाखाली लाल अक्षरं. सगळं मिळून दहा ओळींचं काम.

चौथ्या दिवशी दुपारी रिसेप्शनने त्यांचं नाव काढलं. कारणाच्या रकान्यात ‘मृत्यू’ होतं. तासाभराने माझ्या यादीतही खूण लागली. काही अडलं नाही.