श्रीपतआबांचा डावा कान

कापडे गावात श्रीपतआबांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या अंगाला बसावं लागतं. डावा कान म्हातारपणानं गेला, असं त्यांनी घरात सांगून टाकलेलं. फोनवरचं बोलणं तर हल्ली त्यांना मुळीच कळत नाही. एकेकाळी याच माणसाच्या कानावर नौदलाची अख्खी बोट विसंबून असायची, हे गावात कुणाला पटत नसे.

नौदलातून रजेवर आलेली नात दीप्ती मात्र तोंड पाडून बसली होती. पाणबुड्या शोधणाऱ्या विमानावर तिची नेमणूक व्हायची होती, पण आवाज ओळखायच्या परीक्षेत ती नापास झाली होती. आता सोमवारी शेवटची संधी.

"इमानात बसून पाण्यातलं काय ऐकता गो?"

"तरंगते माईक समुद्रात टाकतो, आबा. ते खालचा आवाज रेडिओनं वर पाठवतात. समुद्राच्या तळाशीही ऐकणाऱ्या यंत्रांची जाळी असतात, सगळं जुळवून पाणबुडीची जागा काढायची. पडद्यावर रेघा दिसतात, तरी पाणबुडीच्या पंख्याची पाती कानानं मोजता यायला हवीत. मला फेऱ्याची सुरुवातच सापडत नाही."

"आमी आवाज सोडायचो. टिंग! पानबुडीवर आपटून परत आला का वेळेवरून अंतर कळायचं. पाण्याच्या नुसत्या घुमण्यापेक्षा परतलेल्या आवाजाचा सूर चढला तर ती जवळ येतेय, उतरला तर पळतेय." आबांना आता बोटीच्या सोनार यंत्रावरचा तरणाबांड जवान झाल्यासारखं वाटत होतं. "पार जवळ गेलो का ती बोटीखाली, आवाज बंद. मग अंदाजानं डेप्थ चार्जची, म्हंजे बारूद भरलेली पिंपं टाकायची. ठरल्या खोलीवर पाण्याच्या दाबानं फुटायची."

बोलता बोलता त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला.

"फुटायच्या आधी कानाला लावलेल्या यंत्रातला आवाज बारीक करायचा असतो. मी नाय केला. ती सुटंल म्हनून ऐकत बसलो. पानबुडी नव्हतीच, मेलेले मासे वर आले. कान त्या दिवशी गेला, म्हातारपणानं नाय. मग उरलेली नोकरी कोठारात काढली." पन्नास वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले. लाज अजून ताजी होती.

दीप्तीनं उठून मोबाईल त्यांच्या उजव्या कानाशी धरला. सरावासाठी दिलेला, एका मालवाहू बोटीचा आवाज होता.

आबांनी डोळे मिटले. "मोजू नको. तीन बायका उखळात भात कांडायच्या, तरी माझ्या आयशीचा घाव वेगळा कळायचा, जड. पंख्याचं पन एखादं पातं जरा जड वाजतं. ते धर, मग पुढल्या जड घावापर्यंत मोज." बोटांनी त्यांनी जमिनीवर ठेका धरला. धप, टक, टक, टक.

"चार!" दीप्ती ओरडली.

चार दिवस घरात दुसरं काही चाललं नाही. कंटाळून सुनेनं दोघांना ओटीवर हाकललं.

सोमवारी आबा सकाळपासून मोबाईल हातात धरून बसले होते. फोन आलाच नाही. दुपारी एक व्हिडिओ आला. त्यात दीप्तीचा नुसता हात, टेबलावर ठेका देणारा. पहिला ठोका जड, मग चार हलके.

"पाच पाती! पोर पास झाली!" आबा म्हणाले आणि रडू लागले.