चार चौकोनांची चिठ्ठी

डॉक्टरांना प्रश्न विचारायची माझी नोकरी आहे, असं सांगितलं की आमच्या येळ्ळुरातल्या बायका हसतात. त्यांना वाटतं, मी फुशारक्या मारते. पण काम खरंच तेच आहे. बेळगावातल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, रेकॉर्ड विभागात, घरी गेलेल्या पेशंटांच्या फायली माझ्या टेबलावर येतात. डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी जे निदान लिहिलंय त्याला ठरलेला कोड द्यायचा. लिहिलंय तेवढ्यालाच द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही. निदान अर्धवट असलं तर डॉक्टरांना छापील चिठ्ठी पाठवायची: फाईलच्या या पानावर असं आहे, त्या पानावर तसं, कृपया स्पष्ट करा. खाली पर्यायांचे चौकोन. उत्तर आपण सुचवायचं नाही, हा या कामातला पहिला नियम, आणि मला नियमांचा भारी अभिमान होता.

ती फाईल निपाणीकडच्या एका खेड्यातल्या पोरीची होती. वय बावीस, लग्नाला दीड वर्ष. समरीत निदान एवढंच: कीटकनाशकाची विषबाधा. बरी होऊन घरी गेली. कशामुळे झाली, चुकून की स्वतःहून, यावर अक्षर नाही. आणि ते कळल्याशिवाय माझा कोड पुरा होत नाही. विषाचा एक आणि ते पोटात कसं गेलं याचा दुसरा, असे दोन लागतात.

मी फाईल उलटी-सुलटी वाचली. दिराने सांगितलेली हकिकत पहिल्या पानावर होती: तंबाखूच्या रानात फवारणी चालली होती, पाणी आणून देताना वास लागला. कॅज्युअल्टीच्या नोंदीत मात्र पोट धुतलं तेव्हा आलेल्या पाण्याला फवारणीच्या औषधाचा वास असल्याचं लिहिलं होतं. वास नाकातून जातो, पोटात कसा गेला? आणि तिसऱ्या दिवशीच्या सिस्टरच्या नोंदीत एक ओळ होती: पेशंट म्हणते, मला घरी पाठवू नका. ड्यूटी डॉक्टरांना कळवले.

ती ओळ मी दोनदा वाचली.

चिठ्ठीत मी दिराची हकिकत लिहिली, पोट धुतल्याची नोंद लिहिली, पानांचे नंबर घातले. खाली चार चौकोन: अपघाताने, स्वतःहून, सांगता येत नाही, इतर. सिस्टरची ओळ घेतली नाही. मी स्वतःला बजावलं, की ही ओळ म्हणजे काही तपासणी नव्हे; ती लिहिली तर डॉक्टरांचा हात धरून खूण करून घेतल्यासारखं होईल. सासुरवाशीण कोणती म्हणते, की मला खुशाल घरी पाठवा? असं सगळं शहाणपण.

त्या खुणेवर काय अडलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याकडे दर सोमवारी कोडवरून एक यादी निघायची. 'स्वतःहून' आणि 'सांगता येत नाही' या दोन्ही कोडांची नावं समुपदेशक बाईंकडे जायची. त्या फोन करायच्या, पेशंटला एकटीला बोलावून घ्यायच्या. 'अपघाताने'ची नावं कुणाकडेच जात नव्हती.

तिच्यावर उपचार केलेले डॉक्टर दर बुधवारी दुपारी फायलींवर सह्या करायला खाली यायचे. पंचवीस-तीस फायलींचा ढीग, एका हातात चहाचा कप. माणूस वाईट नव्हता. गरिबाची तपासणी पुढे ढकलायचा नाही, सिस्टरांवर ओरडायचा नाही. माझी चिठ्ठी त्यांनी वाचली आणि कप खाली ठेवला.

"पोलिसांनी जबाब घेतलाय ना?"

विषबाधा म्हटलं की दाखल होतानाच पोलिसांना कळवावं लागतं. जबाब फाईलला होता. "घेतलाय सर. चुकून झालं असं लिहिलंय. नवरा शेजारी होता तेव्हा."

"मग झालं तर. हात न धुता भाकरी खाल्ली असेल." त्यांनी पेन उघडलं. "हे बघा ताई, त्या पोरीला त्याच घरात राहायचंय. दुसरं काही लिहून तिचं नाव कशाला खराब करायचं?"

त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली, समरीच्या खाली 'अपघाताने' अशी पुरवणी ओळ घालून तारखेसह सही केली. सिस्टरचं पान दोन बोटांच्या अंतरावर होतं. फाईल माझ्या हातात होती. नुसतं उलटायचं होतं.

ते गेल्यावर मी आमच्या अण्णांना, म्हणजे तीस वर्षं रॅक सांभाळणाऱ्या रेकॉर्ड क्लार्कना, ती ओळ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"आक्का, आपुन कागद लावनारी मान्सं. डाक्टर न्हवं."

मला तेच ऐकायचं होतं. मी कोड घातला. समुपदेशक बाई दोन खोल्या पलीकडे बसतात. रोज दुपारी आम्ही डबा एकत्र खातो. त्या दिवशीही खाल्ला.

अडीच महिन्यांनी अण्णांनी एक नवी फाईल आणि तिच्याखाली एक जुनी, अशा दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. आमच्याकडे पेशंटचा नंबर जन्मभर एकच असतो; पुन्हा दाखल झाला की जुनी फाईल काढून जोडायची. नंबर बघितल्यावर मी लगेच ओळखलं. अण्णा तिथेच उभे राहिले. या वेळी डिस्चार्ज समरी नव्हती, मृत्यूची समरी होती. विषबाधा, स्वतःहून घेतलेली. सगळं स्वच्छ लिहिलेलं. चिठ्ठी पाठवायचं कारण उरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई खिडकीशी आली. पोलीस ठाण्याचं पत्र आणलं होतं, दोन्ही वेळच्या कागदांच्या नकला हव्या होत्या. बाई बारीक, हातांना तंबाखूचा काळा चीक, धुऊनही न गेलेला. मी पानं मोजून दिली. तिने ती तशीच माझ्याकडे सरकवली.

"मला वाचाया येत न्हाय. पैल्या खेपंला काय लिवलंय तेवढं सांगा."

"चुकून झालं, असं लिहिलंय."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "लेक मला म्हनली हुती, आये, मी सिस्टरला सांगितलंय, मला घरी लावू नगा म्हनून. लिवून घेतलं म्हनली. त्ये हाय का ह्यात?"

मी पान काढलं. मी ओळीवर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं. तिने त्याच जागी आपलं बोट ठेवलं.

"हाय म्हंजे," ती म्हणाली. "मग कुनीच वाचलं न्हाय व्हय?"

मागे अण्णांनी फाईल रॅकमध्ये सरकवायची थांबवली.

"मी वाचलं होतं, मावशी."

तिने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कागदांची घडी घातली, ते एक पान तेवढं वेगळं काढून पदराच्या गाठीत बांधलं, आणि बाकीच्यांवर शिक्का कुठे मारून मिळतो ते विचारलं. मी बोट केलं. पहिला मजला, डावीकडे.