मेडे म्हणायच्या आधी

ज्या माणसाचा जीव मी वाचवला असं आमच्या आष्टी तालुक्यात सगळे मानतात, त्याला पाण्यात जास्त वेळ ठेवणारा माणूसही मीच. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, कॅप्टनला सांगितलं नाही आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

मी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर होतो. बीडच्या माणसाला समुद्र म्हणजे लांबची गोष्ट. आमच्याकडून लोक बाहेर पडतात ते ऊस तोडायला. मी शिकून जहाजावर गेलो, आणि काही वर्षांनी कडा गावाजवळच्या वाडीतला एक पोरगा माझ्या मागं लागला. त्याचे आईबाप कोयता घेऊन कारखान्या-कारखान्यांवर फिरलेले. तो म्हणायचा, "दादा, काय बी करा, पर मला तिकडं न्या. उसाच्या पाल्यानं अंग चिरून घेण्यापरीस खाऱ्या पाण्यानं चिरलेलं बरं." त्याचं खलाशाचं ट्रेनिंग झालं, आणि योगायोगानं एका जहाजावर आम्ही दोघं एकत्र आलो. तिथं चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि जिन्यात एकटा भेटला की दादा.

त्याचा खांदा निखळला त्या सकाळी आम्ही क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा कच्चा माल, भरून कोकण किनाऱ्यानं बंदराकडं चाललो होतो. जहाज बंदरात न्यायला वाट दाखवणारा पायलट बोटीतून येणार होता. त्याला वर चढायला दोराची शिडी सोडायची असते, ते काम डेकवर चाललं होतं, आणि तो त्यात होता. ऊन स्वच्छ होतं, पण समुद्र लांबलांब हेलकावे देत होता. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कॅप्टन, सुकाणूवर एक खलाशी आणि मी. कॅप्टन रत्नागिरीकडचे, माझ्याशी मराठीत बोलायचे.

वॉकीटॉकीवर चीफ ऑफिसरचा आवाज आला: माणूस पाण्यात, उजवीकडून.

पुढचं सगळं मी बरोबर केलं, एक सोडून. ब्रिजच्या बाजूला लटकवलेली लाइफबॉय, धरून तरंगायचं कडं, खाली सोडली. तिच्याबरोबर भगवा धूर सोडणारा डबा असतो, तोही पेटला. जीपीएसवर जागेची खूण केली. कॅप्टननी सुकाणू उजवीकडं पूर्ण घालायला सांगितलं, म्हणजे जहाजाचं ढुंगण आणि पंखा माणसापासून लांब जातो. भोंग्याच्या तीन लांब हाका दिल्या. मग दुर्बीण उचलून बाहेरच्या सज्ज्यात जाता जाता ते म्हणाले, "मी जहाज वळवतो. रेडिओ तू बघ."

काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. परीक्षेत हे सगळ्यात आधी विचारतात.

रेडिओवर दोन हाका असतात. मेडे तीनदा म्हणायचं ते जहाजावर किंवा माणसावर गंभीर संकट आत्ता, या क्षणी कोसळलेलं असेल आणि मदत लगेच हवी असेल तेव्हा. फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' वरून तो शब्द आला म्हणतात. तो ऐकला की त्या चॅनलवर बाकी सगळे गप्प होतात आणि जवळच्या जहाजाला, जमत असेल तर, आपली वाट सोडून यावं लागतं. त्याच्याआधी रेडिओवरचं झाकण उचलून लाल बटण दाबून धरायचं, की तुमची जागा आपोआप आसपासच्या सगळ्या जहाजांच्या आणि किनाऱ्याच्या यंत्रांवर घंटी वाजवत जाते. पॅन-पॅन ही त्याच्या खालची पायरी. तीही तीनदाच म्हणतात. काम तातडीचं आहे, काळजीचं आहे, पण जीव किंवा जहाज या घडीला जायच्या बेतात नाही. इंजिन बंद पडून जहाज वाहवत चाललंय पण खडक लांब आहेत. कुणाला ताप चढलाय, डॉक्टरचा सल्ला हवाय. पॅन-पॅन ऐकणारा कान देतो, तयार राहतो, आपल्या वाटेनं जात राहतो.

माणूस पाण्यात पडला तर मेडे. यात दुमत नाही.

मी रिसीव्हर उचलला, त्या लाल झाकणाकडं पाहिलं आणि सगळी जहाजं ऐकतात त्या चॅनल सोळावर म्हणालो, "पॅन-पॅन, पॅन-पॅन, पॅन-पॅन."

कशामुळं, ते सांगतो. शिकाऊ असताना एका जहाजावर मी तपासणी करता करता चुकून ते लाल बटण दाबून बसलो होतो. आसपासच्या जहाजांवर घंट्या वाजल्या. तेव्हाच्या कॅप्टननं मला रेडिओसमोर उभं केलं आणि चूक झाली, माझा इशारा रद्द समजा, असं सगळ्या स्टेशनांना उद्देशून बोलायला लावलं. नियम तोच आहे, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण त्यानंतर त्या जहाजावर मी "मेडे मास्तर" झालो. जेवायला बसलो की कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, वरणात मीठ कमी आहे, बटण दाबा." साप साप म्हणून भुई धोपटणारा माणूस. ते हसू माझ्या कानात राहिलं होतं. इतकी वर्षं मी ठरवून शांत, पोक्त आवाजात बोलणारा ऑफिसर झालो होतो.

आणि त्या सकाळी धूर दिसत होता, लाइफबॉय दिसत होती, जहाज वळत होतं. आपणच उचलू त्याला, मग कशाला बोभाटा, असं वाटलं. एवढंच.

किनाऱ्यावरच्या स्टेशननं लगेच उत्तर दिलं. पॅन-पॅन मिळालं म्हणाले, आणि सरळ विचारलं, "तुम्हाला तातडीची मदत हवी आहे का?"

पहिल्या वेळी चुकलो असेन घाबरून. हा प्रश्न मला नीट ऐकू आला होता. मी म्हणालो, "सध्या नको. आम्ही वळतो आहोत, स्वतः उचलू. आसपासच्या जहाजांनी नजर ठेवावी."

पुढं एक टग, मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, बंदराकडं परत चालली होती. तिनं ते ऐकलंच असणार. ती आपल्या वाटेनं जात राहिली. मी तिच्याकडं बघत होतो.

भरलेलं जहाज बैलगाडीसारखं वळत नाही. आम्ही उलटे फिरून येईपर्यंत ऊन समोरून डोळ्यांत आलं आणि पाणी सगळं पत्र्यासारखं चमकायला लागलं. धूर विरत गेला, मग संपला. लाइफबॉय कुणालाच दिसेना. बोट उतरवायला लोक तयार होते, पण उतरवून न्यायची कुठं? कॅप्टननी दुर्बीण खाली केली आणि आत येऊन माझ्याकडं वळले.

"कोण येतंय? मेडे दिलास ना?"

"दिला होता, सर. परत देतो."

हे वाक्य मी विचार करून बोललो नाही, आणि म्हणूनच ते माझं खरं वाक्य आहे.

मग झाकण उचललं, बटण दाबून धरलं, आणि तीनदा मेडे म्हणालो. जहाजाचं नाव, जागा, माणूस पाण्यात, लाइफजॅकेट घातलेला, लगेच मदत हवी. माझा आवाज पोक्त राहिला नव्हता. चॅनलवर एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत टगचा माणूस म्हणाला, "मेडे मिळाला. येतोय." ती वळताना मला दिसली. बंदरातून गस्तीची बोट सुटली. स्टेशननं बाकीच्यांना गप्प राहायला सांगितलं. एका शब्दानं हे सगळं झालं. तो शब्द मघापासून माझ्या हातातल्या रिसीव्हरमध्ये होता.

त्याला टगनं उचललं. टग बुटकी, पाण्याच्या जवळून बघणारी. आम्ही शोधत होतो तिथून तो बराच वाहवत गेला होता. जिवंत होता. पडताना शिडीची पायरी लागून त्याचा डावा खांदा निखळला होता, आणि उजव्या हातानं तो लाइफबॉयला लटकून राहिला होता, प्रत्येक लाटेबरोबर डावा हात ओढला जात. बंदरातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खांदा इतका वेळ असा ताणला गेला नसता, तर हाताची नस कदाचित वाचली असती. कदाचित हा शब्द त्यांनी वापरला होता. मी त्याला धरून बरीच वर्षं काढली.

त्याची डाव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. दर्यावर जायला लागणारं डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याला परत मिळालं नाही. जहाजाच्या रेकॉर्डरमध्ये माझं पॅन-पॅन होतं, पण माणूस मिळाला म्हटल्यावर ते कुणी ऐकलं नाही, आणि काही काळानं नव्या आवाजांखाली ते पुसलं गेलं. कॅप्टननी अहवालात लिहिलं की सेकंड ऑफिसरनं मेडे दिल्यामुळं टग वेळेत पोचली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आज तो साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. मी सुट्टीवर आलो की घरी हुरडा पोचता करायचा, आता मी जहाज सोडून गावी राहतो तरी करतो. गावात एकदा माझा सत्कार झाला, शाल, नारळ, फेटा. त्यानं उजव्या हातानं हार घातला.

मागच्या हंगामात त्यानं मला घरी बोलावलं. रस्ताभर उसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्याची मुलगी बीडला क्लास लावून नेव्हिगेशनच्या परीक्षेची तयारी करते. तो म्हणाला, "दादा, हिला दोन गोष्टी सांगा. मी काय सांगणार, मी पाण्यात होतो."

त्याची बायको चहा गाळताना म्हणाली, "पाण्यात व्हते अन् वर येऊन सांगतात आसं, की जनू मासेच पकडाय गेलते."

मुलीनं विचारलं, "काका, मेडे आणि पॅन-पॅन यात नेमका फरक काय? पुस्तकात आहे, पण माझा गोंधळ होतो."

मी सांगितलं. वर लिहिलंय तसंच, चांगलं समजावून. ती मान हलवत होती.

"मग माणूस पाण्यात पडला, पण दिसतोय, तर?"

"मेडे."

"आपणच उचलू शकतो असं वाटलं तरी?"

"तरी. नंतर रद्द करता येतो. उशीर रद्द करता येत नाही."

"ऐक नीट," तो तिला म्हणाला. "दादांनी तेच केलं, म्हणून तुजा बाप हाय. दुसरा कोनी आसता तर लाजत बसला आसता." मग माझ्याकडं बघून हसला. "चा निवतोय, दादा. कावून बसलाव आसं?"

मी चहा प्यायलो. तो थंड झाला होता. त्या खोलीत तो बोलायचा क्षण होता, मुलगी समोर होती, आणि त्याचा प्रश्नही एका अर्थी तोच होता जो किनाऱ्यावरच्या माणसानं मला विचारला होता. पुन्हा मला नीट ऐकू आला होता. मी म्हणालो, "काही न्हाई, उन्हानं डोकं जड झालंय," आणि उठलो.

त्यानं मला फाटकापर्यंत सोडलं. निघताना मिटत नसलेला हात माझ्या पाठीवर ठेवला. तो नेहमी तोच हात ठेवतो. त्याच्या मनात काही नसतं.

हे लिहायला सोपं गेलं, कारण कागद विचारत नाही, तातडीची मदत हवी आहे का. त्याला अजून सांगितलेलं नाही. हे छापून येण्याआधी मला कड्याला जाऊन, त्याच्या बायकोच्या आणि मुलीच्या समोर सांगायचं आहे: मी आधी पॅन-पॅन म्हणालो, विचारल्यावर मदत नको म्हणालो, कॅप्टनशी खोटं बोललो, आणि तेवढा वेळ तू लटकून होतास. एवढं त्याचं माझ्याकडं बाकी आहे.