आईच्या मशीनवरचं कुंकू

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या किन्हवलीकडच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून शहापूरच्या डॉक्टरांनी आईचं बीपी रोज घरी मोजायला सांगितलं आणि मशीनचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, तेव्हा मी त्यांना ठणकावून सांगितलं, हेच मागवते, दुसरं नाही. ऑनलाइन मागवलं. पार्सल गावात येत नाही, नाक्यावरच्या दुकानात ठेवतात. आई दुपारी जाऊन घेऊन आली.

संध्याकाळी मी वाशिंदच्या कारखान्यातून परत आले तर मशीन देवापुढे. आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं, मग ती मिक्सर असो की सायकल. आईने मशीनला ठसठशीत कुंकू लावलं होतं, पट्ट्यालासुद्धा, आणि खोक्यावर स्वस्तिक. शेजारच्या दोघी दंड पुढे करून बसल्या होत्या. आई मोठी डॉक्टरीण असल्यासारखी बटण दाबत होती. तिला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं होतं.

रविवारी खोकं फेकायला घेतलं तेव्हा चिठ्ठी आठवली. खोक्याचा रंग तोच, अक्षरांची ढब तीच, नावही कानाला तसंच लागणारं. पण कंपनी वेगळी. मागच्या बाजूला बनवणाऱ्याचा पत्ताही अर्धवट. बिलावर मात्र मी मागवलेलंच नाव छापलेलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिथेच बसून विक्रेत्याला मेल लिहिला. ऑर्डर नंबर, बिल, खोक्याचे आणि मशीनचे चारही बाजूंनी फोटो. कारखान्याच्या ऑफिसात माल पाठवायच्या विभागात काम करते, तक्रार कशी लिहायची ते मला चांगलं कळतं. शेवटी लिहिलं की हे रक्तदाबाचं यंत्र आहे, याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, माझ्या आईच्या जिवाशी खेळू नका. हे वाक्य मला फार आवडलं. दोनदा वाचलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. फोटोत वस्तूवर डाग दिसतात, वस्तू वापरलेली आहे, मूळ स्थितीत नसल्यामुळे परत घेता येणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा!

आणि तो सगळा राग मी काढला कुणावर? आईवर. "कुणी सांगितलं होतं तुला कुंकू फासायला? यंत्राला कसली पूजा? घालवलंस ना सगळं!" एवढं बोलले. ती भांडली नाही. ओल्या फडक्याने मशीन पुसत राहिली. पट्ट्यावरचा लाल डाग काही गेला नाही. मग म्हणाली, "मला काय ठावं गो. चांगलं व्हावं म्हणून लावलं." आठ-दहा दिवस आम्ही कामापुरतंच बोललो.

मी मात्र लढत होते. ज्या साइटवरून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. तक्रार मिळाल्याची पोच आली, तक्रार क्रमांक आला. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मी तेच उघडून बघायची. घरी आई रोज सकाळी दंडाला पट्टा गुंडाळायची. एकशे बावीस, एकशे अठरा. वहीत लिहायची. मी ते बघत होते, पण मनात विचार त्या मेलचाच.

एका सकाळी मी ऑफिसात असताना शेजारणीचा फोन आला. आई ओट्यावर पडली होती, उजवा हात उचलत नव्हती, तोंड वाकडं झालं होतं. त्यांनी रिक्षाने तिला शहापूरला नेलं. मी पोचले तोवर सरकारी दवाखान्यातल्या नर्सने बीपी मोजलं होतं, दोनशे दहा. पुढे ठाण्याला न्यायला सांगितलं. गोळ्या चालू होत्या ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले. शेजारीण खाली मान घालून म्हणाली, "संध्याकाळची गोळी बंद केली होती तिनं. म्हणाली, मशीन चांगलं सांगतंय, कशाला उगाच गोळ्या खायच्या."

ठाण्याच्या वॉर्डात चौथ्या दिवशी साइटचा मेल आला. तक्रार मान्य. वस्तू चुकीची पाठवली गेली, विक्रेत्यावर कारवाई केली, मशीन न्यायला माणूस येईल. मी जिंकले होते.

आईचे शब्द आता जड येतात. त्या संध्याकाळी तिने डाव्या हाताने माझा हात धरला आणि फार वेळ जुळवून विचारलं, "मशीन... घेतलं का त्यानी परत? मी पुसलं होतं."

मी हो म्हणून मान हलवली. त्या मशीनच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, हे मी विक्रेत्याला लिहिलं होतं, साइटला लिहिलं होतं. रोज सकाळी पट्टा बांधणाऱ्या आईला मात्र सांगितलं नव्हतं. आम्ही तेव्हा बोलत नव्हतो.