गाळलेला गढूळ पाण्याचा शॉट

जळगावच्या एका ठिबक कंपनीत मी प्रचाराचं लिखाण करायचो. पत्रकं लिहून लिहून हात शिणला होता, तेवढ्यात साहेबांनी सांगितलं की आता व्हिडिओ फिल्म करायची. शेतकऱ्याला ठिबक बसवायला शिकवणारी, बारा मिनिटांची. शेतात एकेक पायरी दाखवायची आणि सोबत साधं बोलणं. मी हुरळून गेलो. पत्रक वाचतो कोण? निम्मे लोक त्यात भजी गुंडाळतात.

संहिता मी चांगली लिहिली होती, हे आजही म्हणतो, आणि फिल्ममध्ये आवाजही माझाच दिला. वाक्यं आखूड. ‘उपनळीला भोक पाडा. भोकात रबर बसवा. रबरात काळी नळी घुसवा.’ ज्याला अक्षर लागत नाही त्यालाही ऐकून पाठ होईल असं. चित्रीकरण फैजपूरकडच्या एका केळीच्या शेतात चाललं होतं. जोडणी करणारे आमचे फिटर वयस्कर, सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस अबोल, पण हाताला डोळे फुटलेले.

सगळ्या नळ्या जोडून झाल्यावर नानांनी मोटर चालू करायला लावली, पण नळ्यांची टोकं उघडीच ठेवली. टोकातून गढूळ, तपकिरी पाणी भसाभसा बाहेर पडायला लागलं. नाना म्हणाले, “हे घ्या चित्रात. स्वच्छ पाणी येईपर्यंत टोक बांधायचं नाही.”

कॅमेरावाल्याची टेप संपत आली होती आणि ऊन चढलं होतं. मी म्हटलं, “नाना, पाणी वाचवायच्या फिल्ममध्ये पाणी वाया जाताना दाखवायचं? लोक हसतील.”

“हसू द्या. पण दाखवा.”

“संहिता कोणी लिहिली आहे, तुम्ही की मी?” असं मी बोलून गेलो. बापाच्या वयाच्या माणसाला. नानांनी मोटर बंद करायला लावली आणि टोक दुमडलं. तो शॉट गळला. फिल्ममध्ये टोक दुमडून त्यावर कडी चढवलेली दिसते, आणि लगेच झाडाच्या बुडाशी टपटप पाणी. दिसायला फार देखणं.

साहेब खूश. जीपमध्ये टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर टाकून आमची माणसं गावोगाव ती फिल्म दाखवू लागली, जळगाव जिल्ह्यात आणि धुळ्याकडेही. काही गावांत कॅसेटच ठेवून आले. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याजवळच्या एका गावातून तक्रार आली. सामान आमचं होतं, पण ते घरच्यांनीच बसवलं होतं. नाना निघाले होते. फिल्म बघून स्वतःच्या हाताने जोडणी केलेलं ते पहिलंच शेत आहे असं कळल्यावर मीही हौसेने जीपमध्ये बसलो.

शेत एका बाईचं होतं. नवरा भुसावळला रेल्वेत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. कपाशी मोडून लिंबाची बाग लावायची हे तिचंच डोकं, आणि विहिरीला दीड तासच पाणी म्हणून ठिबक घेतलं तेही तिनेच. दिराला यातलं काहीच पटलेलं नव्हतं. तो बांधावरच उभा होता. त्याने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बाग सुधारली नाही तर नळ्या उपटायच्या आणि पुन्हा कपाशी लावायची, असं घरात ठरलं होतं. आखाजी आठ दिवसांवर होती.

बागेत शिरलो आणि माझी हौस जागीच विरली. विहिरीकडची रोपं बरी होती. जसजसं टोकाकडे जावं तसतशी पानं पिवळी, वळलेली, आणि शेवटच्या बांधाजवळ तर नुसत्या काड्या. दिराने पाणी ठिबकणाऱ्या काही तोट्यांत दाभण खुपसून भोकं मोठी केली होती. तिथे पाण्याचं डबकं आणि शेजारचं झाड कोरडं.

“गाळणी धुता का, अक्का?” मी विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. मग मला नीट बघून तिने विचारलं, “पिच्चरमधलं बोलणं तुमचंच ना, भाऊ?”

मी हो म्हटलं. त्यावर तिने ते बोलणं म्हणून दाखवायला सुरुवात केली. पंचायतीच्या ओट्यावर तिने फिल्म तीनदा पाहिली होती. जमीन मोजा, चर खणा, इथपासून माझं एकेक वाक्य तिला मुखपाठ होतं, मी जिथे श्वास सोडला होता तिथे तीही थांबत होती. शेवटी म्हणाली, ‘टोक दुमडा. कडी चढवा. पाणी सोडा.’ आणि मग आपल्या बोलीत, “बठ्ठं तुम्ही सांगं तसंच करं. मन्हं काय चुकनं, भाऊ?” सगळं मी सांगितलं तसंच केलं होतं तिने.

नानांनी एव्हाना एका नळीची कडी काढली होती. काळपट चिखल बाहेर आला, त्यात पांढरा भुगा. विहिरीवरून येणाऱ्या पांढऱ्या उपनळीला भोकं पाडताना पडलेला. गाळणी विहिरीजवळ असते. तिच्यापुढे नळीत जे पडेल ते ती कशी अडवणार? ते सरकत सरकत शेवटच्या तोट्यांत जाऊन बसणार. नानांनी तो चिखल तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला.

खोटं बोलायला जागा होती. पाणी क्षाराचं आहे, दाब कमी पडतो, काहीही खपलं असतं. जीभ तिकडे वळलीही होती. पण माझीच वाक्यं माझ्यासमोर घडाघडा म्हणणाऱ्या बाईला थाप कशी मारायची?

“तुमचं काही चुकलं नाही, अक्का,” मी म्हटलं. “टोक बांधायच्या आधी घाण पाणी सोडून द्यायचं असतं. नाना सांगत होते. मी ते फिल्ममधून गाळलं.”

तिने नानांच्या तळहातावरचा चिखल आपल्या हातात घेतला. मग बांधावरच्या दिराला हाक मारून तिने जवळ बोलावलं आणि मला म्हणाली, “आता हेच यांच्यापुढे सांगा.”

मी सांगितलं. मान वर करून सांगता आलं नाही. दीर हसला, पण आखाजीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

दोन दिवस आम्ही तिथेच होतो. सगळी टोकं उघडली, आधी उपनळी धुतली, मग एकेक ओळ. तोट्या काढून, उघडून बादलीत धुतल्या, दाभण लागलेल्या बदलल्या. धुण्यातच पाणी जायचं, म्हणून उरलेल्या झाडांना ती हंड्याने घालत होती. मीही घातलं. अकरा रोपं गेली ती गेलीच, बाकीच्यांना पालवी धरेल असं नानांनी सांगितलं.

महिन्याने कॅमेरा घेऊन आम्ही पुन्हा तिच्याच शेतात गेलो आणि गाळलेली पायरी घेतली. नळी तिच्या हातात होती. गढूळ पाणी, मग फिकट, मग नितळ, एवढं सगळं न कापता. माझं वाक्य होतं, ‘पाणी नितळ आल्यावरच टोक बांधा.’ तिने ते एकदा ऐकलं आणि मान हलवली.

सामान आवरताना मी तिला म्हटलं, “झालं, अक्का. आता फिल्म पुरी झाली.”

ती हात पुसत म्हणाली, “ज्यासनी पहिला पिच्चर देखा, त्यासले कोन सांगी?”

ज्यांनी पहिली फिल्म पाहिली, त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी फिल्म दाखवलेल्या गावांची यादी मागितली. साहेबांनी गावांच्या नावांनी भरलेलं एक पान उलटलं, मग आणखी एक, मग आणखी एक.