फिल्टरनं अडवलेलं पाणी

रिकाम्या टाकीनं कुणाला घरातून जाऊ द्यायचं नाही, हा माझ्या थोरल्या भावाचा नियम. पारनेरला त्याच्या शेतावर ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम उघड्यावर उभा असतो. त्या पावसाळ्यात मी निघालो, तर ड्रममध्ये थोडंच उरलेलं. दादानं ड्रम कलता केला आणि तळाचं सगळं माझ्या गाडीत ओतलं. मायेनंच ओतलं. त्यालाही नगरला यायचं होतं, म्हणून शेजारी बसला.

ही गाडी भाड्यानं चालवूनच माझं घर चालतं. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले तर सगळंच बसलं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून वाटेत समोरच्या काट्यांमध्ये नरसाळ्याखाली थेंबांचं चिन्ह, डिझेलमध्ये पाणी आल्याचं, पिवळं पेटलं, तशी मी गाडी कडेला घेतली.

"आरं, पावसानं वायर भिजली आसंल. चल पुढं," दादा म्हणाला.

"गाडी माझी आहे, गप बस," मी खेकसलो आणि इंजिन बंद केलं.

बॉनेट उघडून फिल्टरच्या तळाशी पाण्याची रिकामी काचेची बाटली धरली आणि खालचा स्क्रू सैल केला. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून आधी तेच आलं, मग डिझेल. बाटलीत दोन्ही वेगळी झाली. खाली पाणी, वर पिवळसर डिझेल, मध्ये एक रेघ. एवढासा फिल्टर रस्त्याच्या धक्क्यांत, आमच्या बडबडीत, निमूट हे पाणी बाजूला काढत होता. मी थक्क होऊन बघत राहिलो. रागही विसरलो.

स्क्रू आवळला, हातपंप दाबून हवा काढली. गाडी चालू केली, दिवा विझला. पण थोडं पुढं जातो न जातो, पुन्हा पेटला. टाकीतच पाणी होतं, उघड्यावरच्या ड्रमाच्या तळाला साचलेलं. आता मात्र इंजिन बंद केलं ते पुन्हा किल्ली फिरवली नाही. ओळखीच्या टेम्पोला दोर बांधून गाडी नागापूरच्या गॅरेजला नेली.

मिस्त्रींनी टाकी उतरवली. दुसऱ्या गाडीचा मेलेला इंजेक्टर त्यांनी दादाच्या हातावर ठेवला. टोक फुटलेलं, आत गंज.

"डिझेलच याचं वंगन," ते म्हणाले. "पानी गेलं की आतली सुई घासती, गंजती. टोकाशी उष्णता लई, तिथं पान्याची वाफ झाली की टोकच उडतं."

मग एक चांगला इंजेक्टर दिला. दादानं तो आभाळाकडं धरला, डोळे बारीक केले.

"भोकं कुठं हायेत?"

"हायेत. केसाहून बारीक."

शेतात विहिरीचा कातळ फोडणारा माझा भाऊ त्या न दिसणाऱ्या भोकांकडं कितीतरी वेळ बघत होता.

टाकी धुतली, नवा फिल्टर, ताजं डिझेल. किल्ली फिरवली, इंजिन एका आवाजात लागलं. एकही इंजेक्टर गेला नव्हता. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

दादा अजून बाहेरच होता. कचऱ्याच्या डब्यातून त्यानं जुना फिल्टर उचलला, आपल्या पांढऱ्या टोपीनं पुसला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी तुझं घर बुडवायला निघाल्तो रे."