छप्पन्न इंची पंखा आणि माळ्याखालची खोली

बाबांना दम लागायचा. तरुणपणापासून गलबतांवर तांडेल म्हणून राबलेला माणूस, पण शेवटची वर्षे खाटेवर बसून श्वास ओढण्यात गेली. रत्नागिरीला खाडीकाठी आमचे कौलारू घर होते. त्यात माळ्याखालची एक लहान खोली बाबांची. आई त्याच खोलीत वारली होती. खिडकीतून खाडीचे पाणी दिसायचे. मी गावातल्या शाळेत शिकवत होते, लग्न झाले नव्हते, आणि बाबांचे सगळे माझ्याकडेच होते.

माझा मोठा भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तो मुंबईहून पंखा घेऊनच. एसटीच्या टपावर बांधून आणलेला भलामोठा खोका. छप्पन्न इंची, दुकानातला सगळ्यांत मोठा.

"बाबा, आता बघा कसा वारा लागतो ते," तो म्हणाला. बाबा हसले. त्या महिन्यात ते पुन्हा हसलेले मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याने खोलीत उभे राहून माळ्याच्या फळ्यांपर्यंत पट्टी लावली. जेमतेम आठ फूट. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतले आणि मान हलवली.

"इथं हा नको," तो म्हणाला. "रॉड धरून पाती साडेसहा फुटांवर येतील. आणि पात्यांची टोकं एका बाजूला भिंतीला, दुसऱ्या बाजूला कपाटाला भिडतील."

"मग रॉड छोटा करा," दादा म्हणाला.

"करतो. वीतभरापेक्षा कमी. तरी पाती सात फुटांच्या वर जात नाहीत. आणि पंखा फळ्यांना चिकटला की त्याला वरून हवा ओढायलाच मिळत नाही. नुसता फिरतो. पातं जेवढं मोठं, तेवढं हे जास्त."

दादाचा चेहरा उतरला, मग तापला. "माझा बाप गुदमरतोय, आणि तुम्ही मला इंच सांगताय?"

वायरमन रागावला नाही. त्याने बाबांना विचारले, "तांडेल, जरा उभे राहून बनियन काढता काय?"

बाबा खाटेचा कठडा धरून उठले. उंच माणूस. बनियन डोक्यावरून ओढताना दोन्ही हात वर गेले आणि बोटे जवळजवळ फळ्यांना टेकली. वायरमनने पट्टीने पाती जिथे येणार ती जागा दाखवली. बाबांचे मनगट तिच्या वर होते.

बाहेरची ओटी मात्र ऐसपैस होती. वर छत नव्हते, थेट कौले, आणि मधले आढे सतरा-अठरा फुटांवर. "पंखा ओटीवर लावू," वायरमन म्हणाला, "आणि तांडेलांची खाट तिथं आणा. ह्या खोलीला छत्तीस इंची बसवू, आखूड रॉडवर. वारा बेताचाच लागेल. आणि त्याच्याखाली उभं राहून कुणी हात वर करायचा नाही."

"मी ओटीवर जायचो नाही," बाबा म्हणाले. "येणारा-जाणारा माझं खोकणं बघत बसेल. आणि तुमच्या आईची खोली सोडून कुठं जाऊ?"

दादाने ऐकले नसल्यासारखे केले. त्याला वाटले, पंखा एकदा लागला की बाबा आपोआप येतील. त्याची सुट्टी संपत आली होती. वायरमन लांब रॉड करून आणतो म्हणाला, पण दादाला थांबायचे नव्हते. खोक्यातल्याच हातभर रॉडवर त्याने पंखा आढ्याला टांगून घेतला.

बटण दाबले. वर पाती गरगरत होती, आणि खाली दादा मान वर करून बसला होता. त्याच्या कपाळावरचा घाम तसाच. वारा कौलांखालीच घुमत राहिला, आमच्यापर्यंत पोचला नाही. आत बाबांना खोकल्याची उबळ आली. दादा उठला आणि त्याने स्वतःच बटण बंद केले.

वायरमनने मग लेथवाल्याकडून सहा-सात फुटांचा अखंड पाइप आणला. मध्ये जोड नसलेला, दोन्ही टोकांना खिळीसाठी भोके पाडलेला. वायर त्यातून ओवली, आढ्याला लोखंडी पट्टा आवळून हूक बसवला, बोल्ट निसटू नयेत म्हणून त्यांत खिळी घालून तिची टोके वाकवली, ओळंबा लावून पाइप सरळ आहे ना बघितले. पाती जमिनीपासून नऊ-साडेनऊ फुटांवर आली. ह्या खेपेला वारा अंगावर उतरला. ओटीभर, सारखा, मऊ वारा.

दादा आत गेला. "बाबा, चला. नुसतं पडून तर बघा."

"मी इथं बरा आहे."

"मग कुणासाठी आणला मी?"

बाबांनी खिडकीकडे तोंड केले. दादा निघाला त्या दिवशी पाया पडला, पण दोघे बोलले नाहीत. एसटी सुटेपर्यंत तो माझ्याशीही धड बोलला नाही.

खोलीत छत्तीस इंची फिरत राहिला. फळ्यांच्या इतका जवळ की त्याची घरघर जास्त आणि वारा कमी. शेजारून टेबलफॅन मागून आणला, तर त्याचा झोत एकाच अंगावर येई आणि बाबांना ढास लागे. मी खिडकी उघडी टाकून पुठ्ठ्याने वारा घालत बसायची. ओटीवरचा मोठा पंखा मी लावत नसे. लावला की बाबांना आतून कळायचे आणि ते डोळे मिटून घ्यायचे.

मे महिन्याच्या शेवटी हवा पार कोंडली. एका दुपारी बाबांनी माझा हात धरला. बोलायला दम पुरत नव्हता.

"ने गो मला तिकडं."

शेजारच्या दोघांनी खाटेसकट उचलले. दारातून खाट तिरकी करताना बाबांनी वळून खोलीकडे पाहिले. ओटीवर मध्यभागी खाट ठेवली आणि मी पंखा लावला. त्यांच्या डोक्यावरचे विरळ केस हलू लागले. छातीचा भाता हळूहळू जरा संथ झाला. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "चांगला आहे. त्याला कळव."

मी त्याच संध्याकाळी पत्र टाकले. बोटीवरचे पत्र ह्या बंदरातून त्या बंदरात फिरते. ते पोचायच्या आधीच, आठवड्याभरात बाबा गेले, तिथेच ओटीवर, माणसांच्या घोळक्यात, ज्याचा त्यांना संकोच होता. दादाला तार मिळाली, पण तो पोचला तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

"शेवटी आले बाहेर?" त्याने विचारले.

"स्वतःहून आले. चांगला आहे म्हणाले. तुला कळव म्हणाले."

त्याला पत्र मिळालेच नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या समाधानासाठी बोलते आहे असे त्याला वाटत होते, हे मला दिसत होते. मी पुन्हा तेच सांगितले, शेजाऱ्यांनीही सांगितले. त्याने मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही.

ते पत्र पुढे त्याला कधी मिळाले का, मी विचारले नाही. त्याने सांगितलेही नाही. त्यानंतर तो सुट्टीला येत राहिला, पण दोन-चार दिवसांच्या वर टिकत नसे. पुढे मुंबईतच राहू लागला. मी घरात एकटी उरले.